मुलीच्या पळण्याच्या फोटोखाली काय लिहू? वडील रेषेपाशी उभे आहेत

अशोकचौक_आई | शुक्रवार, रात्री 10:12

माझी मुलगी चौथीत आहे. काल शाळेच्या क्रीडा महोत्सवात शंभर मीटरमध्ये पहिली आली. तिथल्या एका बाईंनी बाजूनं फोटो काढून पाठवलाय. डावीकडं ही, अनवाणी, तोंड उघडं, छातीला रिबीन लागलेली. उजवीकडं तिचे वडील. रात्रपाळी करून लूमवरनं थेट मैदानावर आलेले, केसांवर आणि मिशीवर कापूस तसाच. हातात तिच्या चपला.

स्टेटसला टाकायचाय आणि शाळेच्या भित्तिपत्रकासाठीही सरांनी दोन ओळी मागितल्यात. मी हे लिहिलंय:

"वाघाची छावी! मेहनतीचं फळ! शंभर मीटर धावण्याच्या शर्यतीत सर्वांना मागे टाकत, जिद्द आणि चिकाटीच्या जोरावर, अंतिम रेषेवर डोळ्यांत प्राण आणून वाट पाहणाऱ्या आपल्या वडिलांच्या साक्षीने प्रथम क्रमांक पटकावणाऱ्या माझ्या लाडक्या लेकीचे हार्दिक अभिनंदन!!"

वाचून मलाच नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक वाटायलाय. काय करू?

---

शेंगाचटणी | रात्री 10:20

ताई, एवढा विचार कशाला करायलाव? "सोलापूरची पी. टी. उषा" लिवा की. चार शब्दांत काम फत्ते. पोरीचं अभिनंदन सांगा आमच्याकडनं.

---

लिंबूचमचा | रात्री 10:31

अभिनंदन! आमच्याकडं कालच लिंबू-चमचा होता. मुलाचा तिसरा नंबर आला, खरं तर दुसरा होता, पण पुढच्या पोरानं अंगठ्यानं लिंबू दाबून धरलं होतं आणि कुणी बघितलं नाही. तक्रार कुठं करायची असते, कुणाला माहीत आहे का?

---

शब्दखूण | रात्री 10:48

लिंबाचा धागा वेगळा काढा हो.

ताई, तुमचं वाक्य स्टेटसला लावून बघा. फोटोखाली एक-दोन ओळी दिसतील आणि पुढं ठिपके. म्हणजे लोकांना दिसणार "वाघाची छावी, मेहनतीचं फळ, सर्वांना मागे टाकत…" आणि संपलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं लांब वाक्य तुटलं की नेमकी बातमीच तुटते. तुमच्या वाक्यात ती पहिली आली हे सव्विसाव्या-सत्ताविसाव्या शब्दाला कळतं, आणि तोवर बघणारा पुढच्या स्टेटसवर गेलेला असतो. लहान वाक्यं करा, प्रत्येकाचं क्रियापद लगेच येऊ द्या.

दुसरं, जे फोटोत दिसतंय ते लिहू नका. ती पळतेय, रिबीन लागली, वडील उभे आहेत, हे माणूस बघतोच आहे. कॅमेऱ्याला जे दिसलं नाही ते लिहा. "मेहनत" म्हणजे तिनं नेमकं काय केलं? किती दिवस? कुठं? आणि चपला वडिलांच्या हातात का?

---

जुळे_सोलापूरकर | रात्री 11:05

एक सुचवतो. "रिबिनीला हात लागला आणि बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं." भावना पण आली, रेस पण आली.

आणि "वाघाची छावी", "हुशार", "जन्मजात" असलं अजिबात लिहू नका. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की मुलांना हुशार म्हटलं की ती बिघडतात. कौतुक फक्त कष्टाचं करायचं, जिंकल्याचं करायचंच नाही.

---

मैदानातले_सर | शनिवार, सकाळी 6:10

मी एका शाळेत पी. टी. शिकवतो, सतरा वर्षं झाली. जुळे सोलापूरकर, रिबिनीला हात लागून कुणी जिंकत नाही. धड रेषेवर आधी आलं पाहिजे. डोकं, मान, हात, पाय यातलं काही धरत नाहीत. रिबीन फक्त दिसायला असते, पंच रेषेकडं बघतो. दर वर्षी एक तरी पोरगं हात पुढं करून रिबीन ओढायला जातं, त्यात अंग मागं राहतं आणि शेजारचा छातीनं पुढं जातो. त्यामुळं ते वाक्य टाकू नका, पळणारं कुणीही वाचून हसेल. फोटोत छातीलाच रिबीन लागलीय म्हणताय, म्हणजे तुमची मुलगी बरोबर पळालीय.

पी. टी. उषांचं नाव घेताय म्हणून सांगतो. 1984 ला लॉस एंजेलिसला 400 मीटर अडथळ्यांत त्यांचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागानं गेलं. तिसरीची वेळ 55.41, यांची 55.42. रेषेपाशी काय होतं त्याला किती किंमत असते ते यावरनं बघा.

ताई, मला एक विचारायचंय. वडील रेषेवर उभे होते की रेषेच्या पुढं?

---

अशोकचौक_आई | सकाळी 7:40

सर, पुढं. दहा पावलं पुढं, आणि तेही तिच्या पट्ट्यातनं थोडं बाजूला. हे विचाराल असं वाटलं नव्हतं. सगळं सांगते.

मागच्या वर्षी तिसरीत असताना ही शेवटपर्यंत पुढं होती. तेव्हा हे बरोबर रेषेवर उभे होते, हात पसरून. हिनं त्यांना बघितलं, हसली, आणि रेषेच्या दोन पावलं आधीच पळायची थांबून चालायला लागली. दोघी मागनं येऊन निघून गेल्या. तिसरी आली. घरी येऊन जेवली नाही. हे म्हणाले, माझ्यामुळं झालं, पुढच्या वर्षी मी येत नाही. ती म्हणाली, यायचंच.

यंदा दसऱ्यापासून होम मैदानावर जायचे दोघं. रात्रपाळीच्या आठवड्यात हे सातला सुटून तसेच तिला लूनावर घेऊन जायचे, शाळा दुपारची असते. दिवसपाळीच्या आठवड्यात मी न्यायचे, पण मला पळण्यातलं काही कळत नाही, मी नुसती उभी. गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे लागायच्या आत जेवढं होईल तेवढं करायचं, असं त्यांचं होतं, नंतर तिथं जागाच उरत नाही.

त्यांची पद्धत अशी. एक वीट ठेवायची, ती रेष. पण लूना विटेपासून दहा पावलं पुढं लावायची, आणि हिनं पळत येऊन लूनाच्या सीटवर थाप मारायची. विटेपाशी वेग कमी झाला तर ते पळणं मोजायचं नाही. रोज चार वेळा. पहिल्या आठवड्यात ती विटेपाशी थांबायचीच, पाय आपोआप थांबायचे. परवा मैदानावर लूना न्यायला देईनात, म्हणून लूनाच्या जागी हे स्वतः उभे राहिले. आणि ती अनवाणीच पळते, म्हणून चपला यांच्याकडं.

---

शब्दखूण | सकाळी 8:02

आणि तुम्ही आम्हाला वाघाची छावी सांगत होतात!

---

मैदानातले_सर | सकाळी 8:30

ताई, तुमच्या मिस्टरांना माझा नमस्कार सांगा. आम्ही वर्षानुवर्षं जे ओरडून सांगतो ते त्यांनी एका विटेवर बसवलं.

होतं काय, लहान मुलांचा वेग साधारण तिसाव्या-चाळिसाव्या मीटरला सगळ्यात जास्त असतो. त्यानंतर सगळ्यांचाच उतरतो, पहिल्या येणाऱ्याचाही. शेवटी जिंकते ती वेग वाढवणारी नाही, कमी उतरणारी. त्यात मुलाच्या मनात रेष म्हणजे थांबायची जागा असते. फक्कीची रेघ दिसली की ते दोन पावलं आधीपासून ब्रेक मारतं, आणि रेषेवर आईबाप हात पसरून असतील तर मारतंच, कारण त्यांच्या अंगावर आदळायचं नसतं. चौथीच्या पोरींत पहिली आणि तिसरी यांच्यात अंतरच तेवढं असतं, दोन पावलांचं. बाहेरनं बघणाऱ्याला वाटतं दमली. दमलेली मुलगी आधीपासून जड पळते, पावलं आपटायला लागते. रेषेपाशी अचानक सरळ उभी राहून छाती मागं नेणारी दमलेली नसते, ती थांबत असते.

पालकांना एकच सांगणं. रेषेवर उभे राहू नका. पुढं दहा-पंधरा पावलं जा आणि पट्ट्यांच्या बाहेर उभे राहा, नाहीतर दुसऱ्याचं पोर धडकेल. आमच्याकडं एकदा असा एक जण व्हिडिओ काढत मधेच उभा होता, पोरीचा दात पडला. दुधाचा होता म्हणून बरं.

---

जुळे_सोलापूरकर | सकाळी 9:15

हाताचं मान्य. पण कौतुकाचं मी बरोबर बोललो की नाही?

---

बालवाडी_ताई | सकाळी 10:50

अर्धं बरोबर. तुम्ही ज्याबद्दल बोलताय तो म्यूलर आणि ड्वेक या दोघींचा 1998 चा अभ्यास असावा. पाचवीच्या वयाच्या मुलांना कोडी दिली. मग काहींना म्हटलं तू हुशार आहेस, काहींना म्हटलं तू कष्ट घेतलेस. पुढं मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना अडवलं, तेव्हा "हुशार" ऐकलेली मुलं लवकर सोडून द्यायला लागली. स्वतःचे मार्क सांगताना त्यातली बरीच खोटंही बोलली. "कष्ट घेतलेस" ऐकलेली टिकली. पण ती कोडी होती, पळणं नव्हतं, आणि एका वाक्यानं मूल जन्माचं बिघडतं असं त्यात कुठंही नाही. आणि जिंकल्याचं कौतुक करू नका असं तर नाहीच. पोरगी पहिली आली आणि घरात कुणी ते म्हणेना, असं कुठं असतं का?

मी अंगणवाडीत एवढंच बघते की "छान, खूप मेहनत केलीस" हेही पोकळच असतं. मूल विचारतं, कुठली मेहनत? नेमकं सांगितलं तर त्याला पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं. "विटेपाशी थांबली नाहीस" हे कौतुकही आहे आणि तिच्या हातातलंही आहे. वाघाची छावी असणं तिच्या हातात नाही.

---

लिंबूचमचा | सकाळी 11:20

मग तिसऱ्या नंबरवाल्याला काय लिहू? खरंच विचारतोय. काल रागात होतो.

---

बालवाडी_ताई | सकाळी 11:34

त्यानं लिंबू पाडलं का?

---

लिंबूचमचा | सकाळी 11:36

नाही. एकदाही नाही. मागच्या वर्षी तीनदा पाडलं होतं. महिनाभर घरात बटाटा घेऊन चालायचा, आजीला जिना उतरू द्यायचा नाही.

---

बालवाडी_ताई | सकाळी 11:37

मग लिहिलंतच की तुम्ही.

---

शब्दखूण | दुपारी 12:10

ताई, माझा मसुदा. तुमचेच शब्द आहेत, मी फक्त लावलेत:

"मागच्या वर्षी बाबांना बघून रेषेच्या आधीच थांबली. यंदा बाबा रेषेच्या पुढं दहा पावलं उभे राहिले, तिच्या चपला हातात घेऊन. ती तिथपर्यंत पळाली."

पहिली आली हे लिहिलेलंच नाही, ते रिबीन सांगतेय. "वाट पाहत होते" पण नाही, चपला सांगतायत. शब्दाशब्दाला उद्गारचिन्ह नको, लोक आपणहून टाकतात प्रतिक्रियेत.

एक शंका. "बाबा" लिहू की "पप्पा"? मुलगी काय म्हणते? "बाप" मात्र नको, तो शब्द हल्ली स्टेटसवर फार सिनेमातला झालाय.

---

अशोकचौक_आई | दुपारी 1:25

वाचून रडू आलं. ती "नान्ना" म्हणते, आमच्या घरात तेलुगू बोलतात. पण माझी नणंद पुण्याला असते, तिथल्या तिच्या मैत्रिणींना नान्ना म्हणजे आजोबा वाटेल. शिवाय हे म्हणतात, "माझं काय त्यात, तिचा फोटो आहे, तिचंच लिही." कापूस दिसतोय म्हणून फोटो कापायलाही सांगितलं त्यांनी. लोकांना वाटेल गरिबी दाखवायलेत.

---

शेंगाचटणी | दुपारी 1:40

नान्नाच ठेवा. आपल्या सोलापुरात कुणाला कळत नाही? पुण्याचे विचारतील, सांगा.

---

जुळे_सोलापूरकर | दुपारी 2:05

मी असहमत. भित्तिपत्रकावर सगळ्या घरातली मुलं वाचतात, तिथं "वडील" लिहा. आणि कापूस कापून टाका, त्यांची इच्छा आहे ना. माणसाला न विचारता त्याची रात्रपाळी जगाला का सांगायची?

---

शब्दखूण | दुपारी 2:30

रात्रपाळीचा शब्द मी घातलेलाच नाही, मुद्दामच. ती फोटोत कापसाच्या रूपानं आहे, ज्याला कळायचं त्याला कळेल. लिहून सांगितलं की दाखवणं होतं. फोटो कापायचा की नाही हे मात्र त्यांनीच ठरवावं, तिथं मी कोण.

---

मैदानातले_सर | दुपारी 3:15

फोटोत आणखी कोण आहे? शाळेचा बिल्ला, छातीवरचा नंबर दिसतोय का? आणि मागची मुलगी?

---

अशोकचौक_आई | दुपारी 3:32

बिल्ला दिसतोय, नंबर पण. मागची मुलगी दुसरी आली, तिचा चेहरा रडवेला दिसतोय. तिची आई वर्गाच्या ग्रुपवर आहे. अरे देवा, आणि मी "सर्वांना मागे टाकत" लिहिणार होते.

---

मैदानातले_सर | दुपारी 3:50

म्हणूनच विचारलं. डावी कड कापा, ती मुलगी निघून जाईल आणि तुमचं काही जात नाही. भित्तिपत्रक शाळेतच लागतं, तिथं बिल्ला चालेल, पण स्टेटसला टाकताना तो झाका. आणि एक बारीक गोष्ट: स्टेटसला मजकूर फोटोच्या तळाशी, फोटोवरच बसतो. पाय आणि फक्कीची रेष त्याखाली जातील. तुमच्या फोटोत तर रेषच महत्त्वाची आहे, तेव्हा तळाला थोडी काळी पट्टी सोडून मग फोटो चढवा.

---

अशोकचौक_आई | संध्याकाळी 6:45

सर, यांना तुमचा नमस्कार सांगितला. मी विचारलं, विटेचं आणि लूनाचं सुचलं कसं? म्हणाले, लूमवर धोटा कापडाच्या काठाशी थांबतो का? काठ ओलांडून पलीकडच्या पेटीत जातो आणि तिथं थांबतो. काठाशीच थांबला तर कापड होणारच नाही. हे एवढं बोलून चहा पिऊन झोपले.

हे भित्तिपत्रकात घालू का?

---

शब्दखूण | संध्याकाळी 7:00

घाला! त्यांच्याच शब्दांत घाला.

---

बालवाडी_ताई | संध्याकाळी 7:20

मला वाटतं नको. वाक्य सुंदर आहे, पण मग वाचणारा नान्नांवर थांबेल, मुलीवर नाही. ते तिला एकटीला सांगा, ती मोठी झाल्यावर तिला कामी येईल.

---

जुळे_सोलापूरकर | संध्याकाळी 7:28

अर्ध्या मुलांना धोटा म्हणजे काय ते माहीत नसेल.

---

शेंगाचटणी | संध्याकाळी 7:30

अशोक चौकातल्या शाळेत? काय बोलायलाव राव. निम्म्या पोरांच्या घरात खटखट चालू असती.

---

अशोकचौक_आई | रविवार, सकाळी 9:05

काल रात्री स्टेटस टाकला. डावी कड कापली, बिल्ला झाकला, खाली पट्टी सोडली. कापूस ठेवला, त्यांनीच शेवटी "राहू दे" म्हटलं. मजकूर असा:

"मागच्या वर्षी नान्नांना बघून रेषेच्या आधीच थांबली. यंदा नान्ना रेषेच्या पुढं दहा पावलं उभे राहिले, तिच्या चपला हातात घेऊन. ती तिथपर्यंत पळाली."

पुण्याच्या नणंदेनं पहिलंच विचारलं, "चपला का?" मग तिला फोन करून अर्धा तास सगळं सांगितलं. भित्तिपत्रकाचं अजून ठरलं नाही, सर सोमवारी मागतील.

आणि सकाळी मुलीनं वाचलं. म्हणाली, "अम्मा, दहा नाही, बारा पावलं. मी मोजली होती." यांना विचारलं तर म्हणतात दहाच, मोठ्या माणसाची दहा. स्टेटस बदलता येत नाही म्हणे, काढून परत टाकावा लागतो. आतापर्यंत एकशेचाळीस जणांनी बघितलाय.

---

मैदानातले_सर | सकाळी 9:20

तिची बाराच असणार. भित्तिपत्रकात बारा लिहा.

---

लिंबूचमचा | सकाळी 9:41

आमचा पण टाकला. "तिसरा नंबर. लिंबू एकदाही पडलं नाही. मागच्या वर्षी तीनदा." आजी म्हणते बटाट्याचं पण घालायला पाहिजे होतं.